गुणाकार जुळला, तरी उत्तर चुकलेलं: वर्गसमीकरणाच्या मुळांचा पडताळा

6x² − 7x − 20 = 0 हे वर्गसमीकरण सोडवून कुणी उत्तर काढलं: x = −5/2 किंवा x = 4/3. पडताळा म्हणून दोन्ही मुळांचा गुणाकार केला. (−5/2) × (4/3) = −20/6, म्हणजेच −10/3. नियमाप्रमाणे गुणाकार −20/6 यायला हवा होता आणि तो तसाच आला. समाधान झालं, गणित संपवलं. पण उत्तर चुकलेलं आहे. खरी मुळं 5/2 आणि −4/3 अशी आहेत.

अंक सगळे बरोबर, छेदही बरोबर, पडताळाही केलेला. चुकली ती फक्त चिन्हं, आणि तीही दोन्ही एकदम. वर्गसमीकरणातली ही चूक फार सहज होते आणि डोळ्यांना सहसा दिसत नाही. मुळांची बेरीज आणि गुणाकार ही दोन माणकं नीट वापरली, तर ती अर्ध्या मिनिटात सापडते. मात्र कोणतं माणक कुठली चूक पकडतं आणि कुठे त्याला काहीच दिसत नाही, हे माहीत असावं लागतं.

बेरीज आणि गुणाकार येतात कुठून

वर्गसमीकरणाचं सामान्य रूप ax² + bx + c = 0. यात a, b आणि c हे सहगुणक, म्हणजे x², x आणि मोकळ्या पदाचे आकडे, प्रत्येक आपापल्या चिन्हासकट. x च्या ज्या किमतीला डावी बाजू शून्य होते ती किंमत म्हणजे समीकरणाचं मूळ. दोन मुळांना α आणि β म्हणू.

नियम असा: α + β = −b/a आणि αβ = c/a. हा नुसता पाठ केला तर बेरजेतलं ते उणे चिन्ह नेमकं गरजेच्या वेळी निसटतं. म्हणून ते येतं कसं हे एकदा पाहून ठेवावं. α आणि β ही मुळं असतील तर समीकरण (x − α)(x − β) = 0 असं लिहिता येतं. कंस सोडवला की x² − (α + β)x + αβ = 0 मिळतं. x च्या पदात −α आणि −β एकत्र येतात, म्हणून तिथे बेरीज उणे चिन्ह घेऊन बसते. शेवटच्या पदात उणे गुणिले उणे होऊन अधिक होतं, म्हणून गुणाकाराला वेगळं चिन्ह लागत नाही. मूळ समीकरणाला a ने भागून ही दोन रूपं शेजारी ठेवली की दोन्ही सूत्रं समोर दिसतात.

सोळाव्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ फ्रान्स्वा व्हिएत यांच्या नावाने हे संबंध ओळखले जातात. व्हिएत यांनी फक्त धन मुळांचा विचार केला होता. ऋण मुळांनाही सामावून घेणारी मांडणी आल्बेर जिरार यांनी 1629 साली केली. आपला सगळा प्रश्न ऋण मुळांमुळेच उभा राहतो, म्हणून हा तपशील इथे सांगावासा वाटला.

आपल्या समीकरणात a = 6, b = −7, c = −20. बेरीज यायला हवी −(−7)/6 = 7/6 आणि गुणाकार −20/6. खरी मुळं घेऊन पाहू: 5/2 − 4/3 = 15/6 − 8/6 = 7/6. गुणाकार −20/6. दोन्ही जुळतात. चुकीच्या उत्तराची बेरीज मात्र −15/6 + 8/6 = −7/6 येते. पहिल्या पडताळ्यात हीच बेरीज करायची राहून गेली होती.

दोन्ही चिन्हं एकदम कशी उलटतात

सूत्र पद्धतीत मूळ काढायचं सूत्र x = (−b ± √Δ) / 2a असं आहे. Δ म्हणजे विवेचक, b² − 4ac. इथे Δ = 49 + 480 = 529 आणि त्याचं वर्गमूळ 23. b स्वतःच −7 असल्यामुळे −b ची किंमत +7 होते आणि मुळं (7 ± 23)/12 येतात: एक 30/12 म्हणजे 5/2, दुसरं −16/12 म्हणजे −4/3. पण घाईत −b च्या जागी समोर दिसणारा −7 तसाच उतरवला, तर (−7 ± 23)/12 होतं. त्यातून 16/12 आणि −30/12 मिळतात, म्हणजे 4/3 आणि −5/2. एका चिन्हाने दोन्ही मुळं फिरवली.

अवयव पद्धतीत ही चूक दुसऱ्या वाटेने येते, पण पोहोचते तिथेच. −7x चे −15x आणि +8x असे भाग पाडले की 3x(2x − 5) + 4(2x − 5), म्हणजे (2x − 5)(3x + 4) = 0 मिळतं. इथपर्यंत सगळं बिनचूक. आता 2x − 5 = 0 वरून x = 5/2 आणि 3x + 4 = 0 वरून x = −4/3. पण ही मधली पायरी गाळून कंसातली चिन्हं तशीच उचलली, तर −5/2 आणि 4/3 हाती येतं. अवयव बरोबर असल्यामुळे मागे वळून पाहिलं तरी चूक सापडत नाही. कंस सोडवून पाहिला तर तोही मूळ समीकरणाशी जुळतो. चूक कंसाच्या नंतरच्या ओळीत आहे आणि त्या ओळीकडे कुणी संशयाने बघत नाही.

गुणाकाराला ही चूक का दिसत नाही

दोन संख्यांची चिन्हं एकदम बदलली तर गुणाकार बदलत नाही, कारण दोन उणे एकमेकांना खाऊन टाकतात. संख्यारेषेवर शून्यापाशी आरसा उभा केला आणि मुळांचं प्रतिबिंब पाहिलं, असं समजा. प्रतिबिंबात शून्यापासूनची अंतरं तीच राहतात, फक्त उजवं डावीकडे जातं आणि डावं उजवीकडे. गुणाकार ठरतो तो या अंतरांवरून आणि दोन मुळं शून्याच्या एकाच बाजूला आहेत की वेगवेगळ्या, यावरून. आरशात यातलं काहीच बदलत नाही. बेरजेचं मात्र चिन्हच उलटतं.

ही चुकीची मुळं निराधार नसतात, म्हणून ती इतकी पटण्यासारखी दिसतात. −5/2 आणि 4/3 ही 6x² + 7x − 20 = 0 या समीकरणाची अगदी खरी मुळं आहेत. म्हणजे उत्तर बरोबर, पण शेजारच्या प्रश्नाचं.

मग नुसती बेरीज पाहिली तर?

हा प्रश्न लगेच सुचतो. गुणाकाराला दिसलं नाही ते बेरजेने पकडलं, तर बेरीजच पुरेशी का मानू नये? कारण बेरजेलाही तिच्या वाटची एक चूक दिसत नाही.

x² + 5x − 6 = 0 घ्या. इथे Δ = 25 − 4(1)(−6) = 25 + 24 = 49. मुळं (−5 ± 7)/2, म्हणजे 1 आणि −6. आता c चं उणे चिन्ह विसरलं तर Δ = 25 − 24 = 1 होतं. 1 हाही पूर्ण वर्ग असल्यामुळे पुढचं गणित अगदी सुरळीत सुटतं आणि (−5 ± 1)/2 मधून −2 आणि −3 मिळतात. अवयव पाडताना ‘गुणाकार 6, बेरीज 5’ म्हणून 2 आणि 3 निवडले, तरी हेच उत्तर येतं. बेरीज तपासा: −2 − 3 = −5. अगदी बरोबर. गुणाकार मात्र +6 येतो आणि हवा होता −6.

हा योगायोग नाही. सूत्रातली दोन मुळं (−b + √Δ)/2a आणि (−b − √Δ)/2a अशी आहेत. यांची बेरीज करताना √Δ एकदा अधिक आणि एकदा उणे असल्यामुळे निघूनच जातं आणि −2b/2a, म्हणजे −b/a उरतं. Δ च्या जागी कोणतीही संख्या ठेवली, अगदी वाटेल ती, तरी बेरीज बरोबरच येणार. म्हणून विवेचक काढताना झालेली कोणतीही चूक बेरजेला कधीच दिसत नाही.

आता गुणाकार करून पाहू. अंशात b² − Δ आणि छेदात 4a² येतो. Δ बरोबर असेल तर b² − (b² − 4ac) = 4ac आणि उत्तर c/a. Δ चुकला की गुणाकार लगेच बिघडतो. पण b इथे फक्त वर्गाच्या रूपात आहे, आणि 7 चा काय नि −7 चा काय, वर्ग 49 च. म्हणून −b चं चिन्ह चुकलं तर गुणाकाराला ते कळायला मार्गच नाही.

सूत्राने सोडवलेल्या गणितात कामाची वाटणी अशी चोख आहे: −b चं चिन्ह बेरीज राखते, Δ गुणाकार राखतो. म्हणून दोन्ही तपासायचे. आणि दोन्ही जुळले तर उत्तर नक्की बरोबर असतं, केवळ शक्यता वाढते असं नाही. बेरीज आणि गुणाकार एकदा ठरले की x² − (बेरीज)x + (गुणाकार) = 0 हे समीकरणच ठरतं आणि त्याला दुसरी मुळं असू शकत नाहीत.

आकडेमोड न करता दिसणारी चिन्हं

अपूर्णांकांची बेरीज करायचा कंटाळा येतो हे खरं आहे. पण चिन्हाची चूक पकडायला बऱ्याचदा तेवढीही गरज नसते. 6x² − 7x − 20 = 0 कडे पुन्हा पाहा. a आणि c ची चिन्हं विरुद्ध आहेत, म्हणजे गुणाकार ऋण. तेव्हा एक मूळ धन आणि दुसरं ऋण असणार. बेरीज 7/6, म्हणजे धन. बेरीज धन यायची तर दोघांतलं शून्यापासून जास्त दूर असलेलं मूळ धन असलं पाहिजे. 5/2 हे 4/3 पेक्षा मोठं, म्हणून 5/2 ला अधिक चिन्ह आणि 4/3 ला उणे. −5/2 आणि 4/3 हे उत्तर इथेच बाद होतं, एकही छेद समान न करता.

c आणि a ची चिन्हं सारखी असतील आणि मुळं वास्तव असतील, तर दोन्ही मुळांची चिन्हं सारखी असतात आणि ती बेरजेच्या चिन्हावरून ठरतात. हे गणित सुरू करण्याआधीच समासात लिहून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे: ‘एक धन, एक ऋण, मोठं धन’ एवढे पाच-सहा शब्द. उत्तर हाती आल्यावर पडताळा करताना मन त्या उत्तराच्या बाजूने झुकलेलं असतं. आधी लिहिलेली नोंद तशी झुकत नाही.

याच नोंदीचा आणखी एक उपयोग होतो. a आणि c विरुद्ध चिन्हांचे असतील तर −4ac हे पद धनच येतं, म्हणून Δ कधी ऋण येऊच शकत नाही. 6x² − 7x − 20 = 0 मध्ये कुणाला Δ = 49 − 480 = −431 मिळालं आणि ‘वास्तव मुळं नाहीत’ असं लिहिलं, तर समासातली ‘एक धन, एक ऋण’ ही नोंद तिथेच अडवते.

पडताळाच चुकला तर?

ही शंका अगदी रास्त आहे, कारण तसं होतं. समजा मुळं −5/2 आणि 4/3 अशी चुकली, आणि बेरजेचा नियमही −b/a ऐवजी b/a असा आठवला. मग हवी असलेली बेरीज −7/6 धरली जाते आणि मिळालेली बेरीजही −7/6 असते. चूक चुकीला जुळली. दोन्ही ठिकाणी एकच उणे चिन्ह विसरलं गेल्यामुळे हे घडतं. इथे वरच्या कंसाची आठवण कामी येते. शंका वाटली की x² − 5x + 6 = 0 सारखं मुळं तोंडपाठ असलेलं समीकरण मनात आणावं. मुळं 2 आणि 3, बेरीज 5, आणि x चा सहगुणक −5. म्हणजे चिन्ह बदलतं, ही खात्री तीन सेकंदांत होते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. प्रश्नात समीकरण 6x² = 7x + 20 असं दिलेलं असेल आणि सगळी पदं डावीकडे नेताना 6x² + 7x − 20 = 0 असं लिहिलं गेलं, तर 7x चं चिन्ह बदलायचं राहिलं. पुढचं सगळं बिनचूक केलं तरी मुळं −5/2 आणि 4/3 येणार. आता a, b, c आपल्याच दुसऱ्या ओळीतून उचलून पडताळा केला तर बेरीज −7/6 आणि गुणाकार −20/6, दोन्ही जुळतात. पडताळा खोटा नाही, पण तो चुकीच्या समीकरणाचा आहे.

उपाय एकच: बेरीज आणि गुणाकार छापील प्रश्नावरूनच वाचायचे, स्वतः मांडलेल्या ओळीवरून नाही. समीकरण सामान्य रूपात नसेल तर त्यासाठी एक सोपी वाट आहे. x² − (α + β)x + αβ = 0 हेच x² = (α + β)x − αβ असंही लिहिता येतं. म्हणजे x² एकटा डावीकडे असेल तर उजवीकडचा x चा सहगुणक हीच थेट बेरीज असते आणि मोकळ्या पदाचं चिन्ह बदललं की गुणाकार मिळतो. 6x² = 7x + 20 ला 6 ने भागलं की बेरीज 7/6 आणि गुणाकार −20/6, एकही पद इकडून तिकडे न नेता. ज्या पायरीत चूक झाली ती पायरीच या पडताळ्यात येत नाही.

थेट किंमत घालून का पाहू नये?

मूळ समीकरणात x ची किंमत घालून पाहणं हा पडताळा चांगलाच आहे आणि तो करायला हरकत नाही. पण चिन्हाच्या चुकीपुरता त्यात एक सापळा आहे. x = −5/2 घालून पाहू. 6x² = 6 × 25/4 = 37.5. पुढचं पद −7 × (−5/2) = +17.5. मग 37.5 + 17.5 − 20 = 35, शून्य नाही, म्हणजे चूक पकडली गेली. पण ज्याने घाईत −(−7) चं −7 केलं, तो त्याच घाईत −7 × (−5/2) चंही −17.5 करण्याची शक्यता असते. मग 37.5 − 17.5 − 20 = 0 येतं आणि चुकीच्या मुळावर पसंतीचा शिक्का बसतो.

करणीरूप मुळांमध्ये तर किंमत घालणं लांबतच जातं. 2x² − 6x + 3 = 0 ची मुळं (3 + √3)/2 आणि (3 − √3)/2. यातलं एक घालायचं तर आधी त्याचा वर्ग करा, मग करणीची पदं गोळा करा, आणि दुसऱ्या मुळासाठी पुन्हा तेच. बेरजेत √3 आपोआप उडतो आणि 3 उरतो, −b/a सुद्धा 6/2 = 3. गुणाकार (9 − 3)/4 = 3/2, c/a सुद्धा 3/2. दोन ओळींत दोन्ही मुळं एकदम तपासली जातात. चुकून (−3 ± √3)/2 लिहिलं असतं तर गुणाकार 3/2 च आला असता आणि बेरीज −3 आली असती. पुन्हा तीच आरशातली चूक.

जुळलं नाही, तर कुठे शोधायचं

पडताळा फसला की सगळं गणित खोडून नव्याने करायची गरज नसते. कोणतं माणक फसलं यावरून चुकीची जागा कळते. गुणाकार बरोबर आणि बेरीज फक्त चिन्हाने उलट असेल, तर दोन्ही मुळांची चिन्हं बदलली आहेत. −b ची ओळ पाहा, किंवा कंसानंतर मुळं लिहिली ती ओळ. बेरीज बरोबर आणि गुणाकार चुकलेला असेल, तर मुळांची चिन्हं बदलत बसू नका. सूत्र वापरलं असेल तर −4ac ची पायरी पाहा, आणि अवयव पाडले असतील तर मधल्या पदाचे भाग करताना c चं चिन्ह धरलं होतं का ते पाहा.

गुणाकाराचं चिन्ह उलट, आकडा बरोबर, आणि बेरीजही भलतीच असेल, तर बहुधा एकाच मुळाचं चिन्ह गेलं आहे. आपल्या समीकरणात कुणी 5/2 आणि 4/3 असं लिहिलं तर गुणाकार +20/6 येतो आणि बेरीज 23/6. हा 23 ओळखीचा आहे, तो √Δ आहे. एक चिन्ह गेलं की बेरजेच्या जागी खऱ्या मुळांमधला फरक येऊन बसतो, आणि तो फरक नेहमी √Δ भागिले a एवढाच असतो, फार तर चिन्ह वेगळं. बेरजेत विवेचकाचं वर्गमूळ दिसलं, तर शोध तिथेच संपला.

समीकरणात एखादं पदच नसेल तेव्हा एक माणक निकामी होतं, तेवढं लक्षात ठेवावं. 3x² − 5x = 0 मध्ये एक मूळ 0 आहे, त्यामुळे दुसरं 5/3 लिहिलं काय किंवा −5/3 लिहिलं काय, गुणाकार 0 च राहणार. तिथे सगळी भिस्त बेरजेवर: ती 5/3 यायला हवी. 4x² − 9 = 0 मध्ये उलट बेरीज 0 आहे आणि मुळं 3/2 आणि −3/2. इथे दोन्ही चिन्हं उलटली तरी तीच जोडी परत मिळते, म्हणून या प्रकारात आरशातली चूक होऊच शकत नाही.